सेन्सेईंना नाव आठवेना

माझी बायको शिझुए शाळेतून निवृत्त झाली, पण रस्त्यात अजून निम्म्या गावाची 'सेन्सेई' आहे. पहिलीच्या मुलांना ती दरवर्षी सगळ्यात आधी एकच गोष्ट शिकवायची: "आधी नाव घ्यायचं, मग नमस्कार. नाव घेतलं की समोरच्याचा चेहरा कसा फुलतो, बघा."

म्हणून रविवारी भाजीबाजारात एक बाई "सेन्सेई!" करत लगबगीने आली आणि शिझुए नुसतं "अगं, किती वर्षांनी!" म्हणून थांबली, तेव्हा मी ओळखलं. नाव निसटलंय.

अशा वेळी काय करायचं ते आमचं ठरलेलं आहे. मी पुढे होऊन माझं नाव सांगायचं, म्हणजे समोरच्यालाही आपलं सांगावं लागतं.

मी पुढे झालो, वाकलो आणि सवयीने बोलून गेलो, "हिच्यावर तुमचा नेहमीच लोभ असतो. आभारी आहे."

"छे छे, आभार तर मी मानायचे!" बाई वाकली. मग पुन्हा मी वाकलो. पुन्हा ती. तिच्या पिशवीतली कांद्याची पात माझ्या टोपीला लागली, पण नाव काही कुणी सांगितलं नाही.

शिझुएने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुळ्यांचे भाव वाचू लागलो.

बाई आशेने बघत होती. ती वर्गातली गप्प मुलगी असणार. अशांचीच नावं आधी विसरली जातात, आणि त्यांनाच ती जास्त लागतात. शिझुएला हे माझ्याहून चांगलं कळतं. तिने आडवळणं सोडली.

"सुट्टीतसुद्धा सशांना गाजराचा पाला घालायला यायचीस ना तू? पांढऱ्याने तुझं बोट चावलं, तरी रडली नाहीस. सगळं डोळ्यांसमोर आहे बघ, नाव तेवढं निसटलंय. सांग ना."

बाईचा चेहरा फुलला. "चिनात्सू. तेव्हाची हिरोसे."

"हिरोसे चिनात्सू! कशी आहेस, चिनात्सू?"

"छान! पण सेन्सेई, रागावणार नाही ना? मी मघापासून नुसतं 'सेन्सेई, सेन्सेई'च करतेय, लक्षात आलं का? तुमचंही नाव मला..."

शिझुए इतकी हसली, की मुळेवाला वळून बघू लागला.

"कायानो," मी घाईने वाकून म्हणालो. "मी कायानो. ही शिझुए."

"आत्ता सुचलं?" शिझुए म्हणाली. "चिनात्सू, यांना तू पहिलीत बसव बाई. माझ्याच्याने काही शिकले नाहीत."