एका नावाचे रिपोर्ट

आमच्या ह्यांना घरात एकही गोष्ट दोनदा दिसलेली खपत नाही. दोन कात्र्या दिसल्या की यांचा जीव कासावीस होतो. असा माणूस घरातल्या फोनांचा कारभार हातात घेतो म्हणाला, तेव्हाच मी कान टवकारायला हवे होते.

टीव्हीखालच्या कपाटात एक डबा आला. आत दोन डिस्क, एकीवरचं सगळं दुसरीवरही. घरातला कुठलाही फोन रात्री चार्जिंगला लागला आणि वायफायवर असला की त्यातले फोटो आणि कागद आपोआप डब्यात जाणार, एकच गोष्ट दोनदा जाणार नाही आणि फोनमधली जागाही मोकळी होणार. आल्यागेल्याला हे कौतुक ऐकावं लागायचं. शेजारचे काका तर यांना पाहून जिना चढायचं टाळायला लागले.

"इंटरनेटवरचं स्टोरेज बंद केलंय," हे ऐटीत सांगत. "आपलं सामान लोकांच्या घरी कशाला?"

सासूबाईंना, म्हणजे आमच्या आईंना, काचबिंदू. उजवा डोळा जवळपास गेलेला, सगळी मदार डाव्यावर. दर तपासणीला यंत्रासमोर बसवून नजर कुठवर पोचते ते बघतात आणि त्याचा कागद देतात. कागदाची शाई उडते म्हणून आई फोनवर तो स्कॅन करत, प्रत्येक तपासणीचं वेगळं फोल्डर करत आणि आतल्या फाईलला नाव देत, 'डावा डोळा'. दरवेळी तेच. त्यांच्या दृष्टीने यात चुकीचं काहीच नव्हतं, डोळा तोच होता. मूळ कागद ह्यांनी रद्दीत घातले. डब्यात आहे ना सगळं!

यंदा जुने डॉक्टर निवृत्त झाले आणि दवाखाना नोंदींसकट बंद झाला. नव्या डॉक्टरीणबाईंनी आईंना तपासलं आणि आधीचे रिपोर्ट मागितले. ह्यांनी रुबाबात फोन काढला, घरच्या डब्याला जोडला, शोधलं. एकच फाईल निघाली. पहिल्या तपासणीची.

"मधले?" बाईंनी विचारलं.

"असतील," हे म्हणाले आणि शोधतच राहिले. बाहेरचे पेशंट आत डोकावायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाईंनी शांतपणे समजावलं. पहिल्या रिपोर्टपेक्षा आज नजर बरीच कमी आहे. पण ती सुरुवातीला घसरून थांबली की आत्ता भराभर घसरतेय, ते मधल्या कागदांशिवाय कळणार नाही. थांबली असेल तर औषधावर भागेल. घसरत असेल तर ऑपरेशन लवकर करायला हवं, आणि त्यात डोळ्याला धोका असतोच. नव्याने तपासण्या करून वाट बघायची, तर तोवर नजर जाऊ शकते. गेलेली परत येत नाही.

 आई पर्सचा बंद घट्ट धरून बसल्या.

घरी येऊन ह्यांनी डब्याची नोंद उघडली. मी मागेच उभी होते. 'डावा डोळा, आधीच आहे, वगळले, फोनमधून काढले.' खाली पुन्हा तेच. आणि पुन्हा. फोल्डर म्हणजे पसारा म्हणून ह्यांनी सगळे कागद एकाच जागी ओतले होते आणि नाव सारखं दिसलं की दुसरा कागद डुप्लिकेट, असा नियम लावला होता. कॅमेऱ्याच्या फोटोंना तारीख-वेळेची नावं असतात, म्हणून ते वाचले. फोनची कचरापेटी महिन्याने आपोआप रिकामी होते, तिथेही काही उरलं नव्हतं. राहिल्या दोन डिस्क. जे डब्यात आलंच नाही, ते दोन्हींवर अगदी इमानेइतबारे नव्हतं.

"सिस्टिमने नियम बरोबर पाळला," हे म्हणाले. "नावंच चुकीची दिली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, उघडून बघायचं तरी! आतला मजकूर ताडून बघतात ना डुप्लिकेट ओळखायला? आणि डब्यात पोचलंय याची खात्री न करता फोनमधून काढायचं? कात्री आहे का ती?"

"मजकूर ताडायला वेळ लागतो," ते पुटपुटले. दिवसभर झोपा काढणाऱ्या डब्याला कसली आली होती घाई, देव जाणे.

आई सोफ्यावर होत्या. त्या हळू आवाजात बोलल्या.

"अरे, तुझ्या लहानपणच्या प्रत्येक फोटोमागे मी तुझंच नाव लिहिलंय. पाळण्यातला, शाळेतला, नोकरीला लागलास तेव्हाचा. त्यातला पहिला ठेवून बाकीचे टाकले असते तर चाललं असतं तुला?"

ह्यांची मान खाली गेली. 

त्याच संध्याकाळी ह्यांनी नियम बदलला. आता मजकूर तंतोतंत सारखा असेल तरच डुप्लिकेट, आणि फोनमधून काहीच काढायचं नाही. आईंनी मला जवळ बोलावून डॉक्टरीणबाईंचा नंबर लावायला सांगितला. वाट बघण्याइतकी नजर आहे की नाही, ते मधल्या कागदांशिवाय कुणालाच सांगता येत नव्हतं. म्हणून धोका पत्करून आईंनी ऑपरेशनची तारीख घेतली.