सहा बोटं पाणी

सासरे आमच्याकडे राहायला आले आणि पंधरा दिवसांत घरात वास यायला लागला. दोन गोष्टी एकापाठोपाठ घडल्या की पहिलीमुळे दुसरी झाली असं मानायची माणसाला खोड असते, आणि मला ती जरा जास्तच आहे.

बाबा गुडघ्यांना एक काळपट तेल लावतात. आंघोळ झाली की नऊ ते साडेनऊ तेल, मग दहाला ते वॉशिंग मशीनचं बटण दाबतात. घरात त्यांना सोपवलेलं एकमेव काम, आणि ते ते ध्वजवंदन असल्यासारखं करतात. बायको शाळेत, मी ऑफिसात. दुपारी एक वाजता मी जेवायला यायचो, तर दार उघडताच असा वास, की आत जाऊ की परत जाऊ असं व्हावं.

पहिले सात दिवस मी खिडक्या उघडत राहिलो. आठव्या दिवशी जेवताना म्हणालो, "बाबा, हे तेल दुसऱ्या कंपनीचं मिळत नाही का?"

मी अगदी सहज म्हणालो होतो. निदान तसं मला वाटलं. बायकोने डाव मुद्दाम मोठ्याने पातेल्यात टाकला.

त्या रात्री बाबांनी पलंगाखालची सुटकेस बाहेर काढली. शनिवारी आपल्या घरी परत जायचं ठरवलं म्हणाले. ते घर म्हणजे तिसरा मजला, लिफ्ट नाही, आणि मागच्याच वर्षी ते त्याच जिन्यावरून चार पायऱ्या न मोजता खाली आले होते.

"अहो, तेलाचा विषय तुम्ही काढलात," बायको म्हणाली. "आता तुम्हीच त्यांना थांबवा."

मी प्रयत्न केला. "बाबा, तेलाचं काय एवढं! मी नाकात कापूस घालेन."

"जावईबापू," बाबा म्हणाले, "मी चौतीस वर्षं वजनमापं तपासली. आरोप सिद्ध झाल्याशिवाय मी दुकानदाराचा तराजूसुद्धा जप्त केला नाही. तुम्ही माझं तेल थेट जप्त केलंत. शनिवारपर्यंत तीन दिवस आहेत. मी तपासतो."

बुधवारी त्यांनी तेल लावलंच नाही. मशीन मात्र चालवलं. दुपारी मी आलो. वास होता.

गुरुवारी त्यांनी तेल लावलं, नेहमीपेक्षा जास्त, मानेलासुद्धा. मशीन चालवलं नाही. दुपारी मी आलो. वास नव्हता. तेलाचा होता, पण तो, खरं सांगायचं तर, बरा होता.

"म्हणजे मशीनचा वास?" मी म्हणालो.

"घाई नको," बाबा म्हणाले. "मशीन पाणी सोडतं तेव्हा सिंक बोलतं. गुडगुड असं. तुम्ही कधी ऐकलंय?"

मी घरात नसतो तेव्हा सिंक काय बोलतं ते मला कसं ठाऊक असणार!

"आणखी एक," ते म्हणाले. "परवा मशीन संपल्यावर मी चहाचा कप विसळला. वास लगेच कमी झाला. पाणी ओतलं की वास जातो, हे लिहून ठेवलंय."

शुक्रवारी त्यांनी बायकोची विणकामाची सुई मागून घेतली. बायको शाळेला सुट्टी टाकून घरी होती. मी ऑफिसला पोटदुखी कळवली. सुईवर बोटाबोटाच्या अंतरावर पेनने खुणा केलेल्या. सिंकच्या जाळीच्या भोकातून त्यांनी ती सरळ खाली सोडली, टेकल्यावर वर काढली आणि चष्मा वर करून वाचली.

"सहा बोटं ओली. बाई, बटण दाब."

मशीन घुमलं, थरथरलं, आणि थोड्या वेळाने त्याने पाणी सोडलं. सिंकमधून आवाज आला: गुड, गुड, आणि शेवटी एक लांब घोट. बाबांनी सुई पुन्हा सोडली.

"एक बोट," ते म्हणाले. "पाच बोटं पाणी कोणी प्यायलं?"

आणि मग वास आला. आम्ही तिघंही सिंकवर वाकून उभे होतो. चोर पकडल्यासारखे आमचे चेहरे होते, फक्त चोर कोण ते ठाऊक नव्हतं.

प्लंबर आला. बारीकसा माणूस, कानामागे पेन्सिल. बाबांच्या खुणा पाहून त्याचे डोळे चमकले.

"आजोबा, हे आमच्या लोकांना शिकवा हो!" मग माझ्याकडे वळून म्हणाला, "साहेब, सिंकखाली तो वाकडा पाइप असतो ना, ट्रॅप, त्यात पाणी साचून राहतं. तेच झाकण. ते आहे तोवर गटाराची हवा वर येत नाही. पाच बोटं गेली, झाकण गेलं."

"पण पाणी प्यायलं कोणी?" बाबांनी विचारलं.

"मशीनने. मशीन पाणी जोरात ढकलतं, पाइप भरून धावतो. पाणी पुढे गेलं की त्याला मागे हवा लागते. मिळाली नाही तर जवळ जिथून मिळेल तिथून ओढतं. जवळ काय आहे? तुमचं सिंक."

तो आधी गच्चीवर जाऊन आला. बिल्डिंगच्या मोठ्या पाइपचं तोंड तिथे उघडं असतं, हवा आत-बाहेर जायला. ते मोकळं आहे म्हणाला. "पण तुमची लाइन तिथून लांब. म्हणून अशा लाइनीला सिंकखाली एक व्हॉल्व्ह देतात. पाइपात ओढ लागली की उघडतो, हवा आत घेतो. ओढ थांबली की आपल्या वजनाने मिटतो. आत घेतो, बाहेर सोडत नाही. तो कुठंय तुमचा?"

त्याने ओट्याखालचं कपाट उघडलं, डबे बाजूला काढले आणि बॅटरी लावली. आत उभ्या पाइपच्या टोकावर काहीतरी होतं. ते पांढरं असावं, पण दिसत नव्हतं. त्यावर आठ फेरे चिकटपट्टी होती. तपकिरी, आणि तिच्यावर आमच्या ऑफिसचं नाव छापलेलं.

माझी पोटदुखी खरी झाली.

तीन महिन्यांपूर्वी, बाबा यायच्या आधी, त्या कपाटात वास आला होता. मी शोध लावला होता की तो पाइपच्या टोकावरच्या त्या टोपीतून येतो, आणि ऑफिसातली चिकटपट्टी आणून तिचं तोंड बांधून टाकलं होतं. वास गेला. तेव्हा मशीन सकाळी सहाला लागायचं, मागोमाग बायको भांडी घासायची, ट्रॅप लगेच भरायचा. बाबा आले, त्यांच्या आंघोळीसाठी मशीन दहावर गेलं, आणि मागे भांडी घासायला कोणी उरलं नाही.

प्लंबरने पट्टी सोडवून व्हॉल्व्ह उघडला. आतल्या रबराखाली कसलासा धागा अडकला होता. "यामुळे मिटत नव्हता, वास बाहेर येत होता. साहेब, तुम्ही वास बरोबर पकडलात." त्याने धागा उपटून टाकला. "उपाय सोडून बाकी सगळं बरोबर."

बायकोने ती पट्टी उचलली, तिच्यावरचं ऑफिसचं नाव मोठ्याने वाचलं आणि ती माझ्या हातात दिली.

नवीन व्हॉल्व्ह बसला, सरळ उभा. कपाटात हवा यावी म्हणून प्लंबरने फळीला भोकं पाडली आणि डबे लांब ठेवायला सांगितले. बाबांनी सिंकमध्ये तांब्याभर पाणी ओतलं, सुई सोडली. सहा. मशीनने पाणी सोडलं. सिंक गप्प. कपाटातून मात्र हलकी फुस्स आली, कोणी दमून खुर्चीत बसावं तशी. सुई पुन्हा खाली.

"सहाला जरा कमी," बाबा म्हणाले. "कायदेशीर फरकात बसतं."

"बाबा," मी म्हणालो, "माझं चुकलं. तेल लावा. माझ्या गुडघ्यांनाही लावा."

"बघू."

ते आत गेले. सुटकेस उघडल्याचा आवाज आला. मला वाटलं, उरलेले कपडे भरताहेत. ते बाहेर आले तेव्हा हातात एक जुनं जाड लेबल होतं, दोरी ओवलेलं, त्यांच्या नोकरीतलं. त्यांनी त्यावर सावकाश लिहिलं, खाली वाकायला माझा खांदा धरला आणि व्हॉल्व्हच्या खालच्या पाइपला ते बांधून टाकलं. वर नाही; वर हवा लागते, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

ते सावरून उभे राहिल्यावर मी बॅटरी लावून वाचलं.

तपासले. योग्य आढळले. जावयाने हात लावू नये. पुढील तपासणी एक वर्षाने, याच अधिकाऱ्याकडून.