सरळ बस, अंकुश

नवीन पनवेलला नीताबाईंच्या हॉलमध्ये एक मानपत्र लावलंय. चांगलं काचेत, सोनेरी चौकटीत. ‘मुक्या लेकरांना वाचा देणाऱ्या’ अशी त्याची सुरुवात. कर्णबधिर मुलांच्या शाळेत बाईंनी बत्तीस वर्षं शिकवलं. आलेल्या पाहुण्याची नजर चहा घेताना त्या चौकटीवर पडावी, म्हणून सोफासुद्धा त्या हिशोबानेच मांडलेला. माणसाला थोडी हौस असतेच, त्यात काय एवढं.

म्हणून कळंबोलीच्या लोखंड बाजारातून फोन आला तेव्हा बाई एका पायावर तयार झाल्या. फोन गोदामाने चौकशीला नेमलेल्या कमलाकर नावाच्या वकिलांचा. एका गोदामात अपघात झाला होता. सळ्यांचा भारा क्रेनने वेळेआधी उचलला, तो झुलला, आणि खाली लाकडी ठोकळे काढत असलेल्या गोरख नावाच्या हमालाचा पाय चेचला. वर घ्यायची खूण कुणी केली, एवढाच प्रश्न होता. क्रेनवाल्याच्या डोळ्यावर ऊन होतं. त्याला सळ्यांच्या थप्पीच्या मागून वर आलेला हात तेवढा दिसला. थप्पीमागे दोघेच होते, सुपरवायझर प्रणित आणि साखळ्या अडकवणारा अंकुश. गोरख शुद्धीवर होता, पण त्याची दोघांकडे पाठ होती.

“अंकुशला ऐकू येत नाही, बोलताही येत नाही,” कमलाकर म्हणाले. “तो तुमचाच विद्यार्थी ना? त्याचा जबाब तुम्ही सांगाल का मराठीत?”

“सांगाल का म्हणजे? मी हात धरून शिकवलंय त्याला!”

हात धरून, हे अगदी खरं होतं. अंकुश सहा वर्षांचा असताना त्याची आई साळू वीटभट्टीवरून थेट शाळेत आली होती. अंगावर तीच मातीची साडी. “बाई, याला बोलता करा. मंग मला काय नको,” म्हणाली. बाईंनी विडाच उचलला. वर्गात हात बाकावर, नजर बाईंच्या ओठांवर. हात हलला की पट्टी. पोरगं भुवया उडवायला लागलं, गाल फुगवायला लागलं, की बाई त्याची हनुवटी धरायच्या आणि म्हणायच्या, “माकडचेष्टा नकोत. सरळ बस, अंकुश.” पुढे शाळेत खुणांना परवानगी मिळाली, तेव्हा बाईंनी पुस्तकातून चारशे खुणा पाठ केल्या आणि मराठी वाक्यात ओवल्या. एक शब्द, एक खूण. मुलं वसतिगृहात आपापसांत जे भराभर करायची, ती बाईंच्या लेखी नक्कल होती, पोरखेळ होता.

मंगळवारी गोदामाच्या ऑफिसात चौकशी बसली. टेबलाच्या एका बाजूला कमलाकर, शेजारी प्रणित. समोर अंकुश. आता तिशीचा, दंड असे की सळई वाकवील. बाईंना बघताच त्याचा चेहरा फुलला. तो वाकून पाया पडला. बाईंना बरं वाटलं.

मग तो सांगायला लागला, आणि काय सांगू, अख्ख्या अंगाने सांगायला लागला. हात हवेत, खांदे इकडून तिकडे, डोळे मोठे, ओठ मुडपलेले. प्रणितला हसू फुटलं. कमलाकरांनी चष्म्यावरून बघितलं. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपला विद्यार्थी, आणि चारचौघांत हे असं?

त्यांनी बोट उभारलं. ओठ ठळक हलवून म्हणाल्या, “नाटक नको. सरळ बस, अंकुश. एक एक शब्द.”

अंकुश क्षणभर थांबला. बाईंकडे बघितलं. मग तो सरळ बसला. चेहरा पुसून टाकला, कोपरं अंगाशी घेतली, आणि छातीपुढे एकेक खूण ठेवली. प्रणित. मोबाइल. गोरख, खाली. वर घे, वर घे. पाय.

“प्रणित मोबाइलवर होता, गोरख खाली होता, मी वर घे अशी खूण केली, पायावर पडलं,” बाईंनी सांगून टाकलं.

“स्वतःच केली म्हणतो?” कमलाकर चमकले. “पुन्हा विचारा.”

बाईंनी विचारलं. खुणा बरोबर एकामागे एक केल्या, चेहरा अगदी शांत ठेवून. वर घे, खूण, झाली. अंकुशने मान हलवली. हो. कमलाकरांनी लिहिलं, ‘मान्य’. कागद पुढे सरकवला. अंकुशला मराठी वाचायला जड जायचं. त्याने बाईंकडे पाहिलं. बाई म्हणाल्या, सही कर. त्याने सही केली. भाषांतरकार म्हणून खाली बाईंची सही झाली.

शुक्रवारी अंकुशला कामावरून काढल्याचं पत्र मिळालं. गोरखचा पाय त्याच्यामुळे गेला, असं त्यात लिहिलं होतं. बाई हळहळल्या. पण खरं ते खरं, असं म्हणून त्यांनी मनाची समजूत घातली.

शनिवारी संध्याकाळी दारात अंकुशची बायको उभी. दिपा. तीही ऐकू न येणारी, तीही बाईंचीच विद्यार्थिनी. चप्पल काढली, हातानेच पाणी नको म्हणाली, बसली नाही. मोबाइल बाईंच्या हातात दिला. अंकुशचा व्हिडिओ होता. घरात, खाटेवर बसून तो तीच हकीकत सांगत होता. मंगळवारी सुरू केली होती तशी, अख्ख्या अंगाने.

बाईंनी बघितलं. दिपाने बोटाने विचारलं, कळलं? बाईंनी हो म्हणून मान हलवली. दिपाने त्यांच्याकडे जे बघितलं, त्यात ‘ओळखलंय मी तुम्हाला’ असं स्पष्ट होतं. तिने व्हिडिओ मागे नेला आणि थांबवला.

अंकुशने उजवीकडे हवेत एक जागा दाखवली होती, प्रणित. डावीकडे एक, तो स्वतः. मधोमध डाव्या हाताची दोन बोटं खाली, उभा माणूस, गोरख. त्याच्यावर आडवा उजवा हात, भारा. दिपाने त्या चारही जागा बाईंच्या टीपॉयवर बोटाने दाखवल्या. एकदा जागा दिली की तिथे तो माणूस उभाच राहतो, पुन्हा नाव घ्यावं लागत नाही. एवढं बाईंना समजलं.

मग तिने पुढे नेलं. अंकुशचा खांदा वळला. मान खाली, नजर तळहातातल्या मोबाइलवर, ओठ कंटाळलेले. तशीच नजर मोबाइलवर ठेवून दुसरा हात वर. वर घे, वर घे. दिपाने थांबवलं. पडद्यावर टिचकी मारली, आणि उजवीकडच्या जागेवर बोट ठेवलं. खांदा कुणाच्या जागेकडे? नजर कुणाची? ओठ कुणाचे?

बाईंनी मोबाइल डोळ्यांजवळ नेला. तो अंकुश नव्हताच. तो प्रणित होता. अंकुश त्याच्या जागी जाऊन त्याचं सांगत होता. पुढच्याच क्षणी खांदा डावीकडे परतला, डोळे फाटले, दोन्ही हात जिवाच्या आकांताने हलले. थांब, थांब. हा अंकुश. हे तर मंगळवारी तो सांगूच शकला नव्हता. बाईंनी त्याला खांदा हलवू दिला नव्हता.

“पण मी विचारलं होतं त्याला!” बाई तोंडाने आणि हाताने एकदम म्हणाल्या. “हो म्हणाला तो!”

दिपाने बाईंसारखाच दगडी चेहरा केला आणि बाईंच्याच खुणा केल्या. वर घे, खूण, झाली. मग त्याच खुणा पुन्हा, पण भुवया वर, डोळे मोठे, मान किंचित पुढे. हा प्रश्न. पहिला प्रश्न नव्हता. पहिलं नुसतं सांगणं होतं, खूण झाली म्हणून. झालीच होती की. तो हो म्हणाला.

“मग त्याने मला अडवलं का नाही? पुन्हा का नाही सांगितलं?”

यावर दिपाने हात खाली घेतले. मग शाळेत शिकवलेल्या, फुटक्या, ओढून काढलेल्या आवाजात, बाईंनी वर्षानुवर्षं घोटून घेतलेल्या आवाजात ती म्हणाली, “बाई… सांगितलं… सरळ बस.”

बाई सोफ्यावर बसल्या. समोर मानपत्र होतंच. सोफाच तसा मांडला होता, करणार काय? आपण बत्तीस वर्षं पोरांच्या तोंडातून शब्द ओढत बसलो, आणि त्यांच्या अंगावर अख्खी भाषा होती तिला माकडचेष्टा म्हणालो. कर्ता, कर्म, प्रश्न, सगळं जिथे राहत होतं, तिथेच पट्टी मारली. आणि ते लेकरू तिशीतसुद्धा आपला शब्द मोडत नाही. नोकरी गेली तरी मोडत नाही. लाज अशी वाटली की दिपा कधी गेली तेही त्यांना कळलं नाही.

सोमवारी बाई कळंबोलीला गेल्या.

“बाई, तुमची सही आहे यावर,” कमलाकर म्हणाले. “आता चुकलं म्हणता? थोडंफार इकडंतिकडं झालं असेल, असं लिहून द्या. तुमचंही नाव राहील.”

ती पळवाट बाईंना गोड वाटली. खोटं कशाला बोला, एक मिनिटभर फार गोड वाटली. मग त्यांनी कागद ओढला आणि लिहिलं: ‘अंकुश जी भाषा बोलतो ती मला येत नाही. येते असं मी बत्तीस वर्षं समजत होते. मी सांगितलेला जबाब त्याचा नाही, माझा आहे. ती भाषा येणारा भाषांतरकार बोलावून त्याचं पुन्हा ऐका.’ खाली तारीख घालून सही केली.

कमलाकर माणूस सरळ होता. गुरुवारी पुन्हा चौकशी लागली. सांकेतिक भाषेची रीतसर शिकलेली कादंबरी नावाची मुलगी आली, गोदामात जाऊन थप्पी कुठे, क्रेन कुठे ते बघून आली, आणि अंकुशच्या समोर बसली. प्रणित खुर्चीत चुळबुळत होता. बाई कोपऱ्यात.

कादंबरीने भुवया उंचावून विचारलं, सुरू करतोस?

अंकुशने हात उचलले. त्याची नजर कोपऱ्यात गेली, बाईंवर. आणि तो सरळ बसला. कोपरं अंगाशी. चेहरा कोरा. प्रणित. मोबाइल. गोरख, खाली.

कादंबरीने त्याला थांबवलं, नीट सांग म्हणाली. त्याने मान हलवली, पुन्हा सुरू केलं, पुन्हा नजर कोपऱ्यात, पुन्हा तेच. बाईंनी घाईने खूण केली, तुला हवं तसं सांग. ती खूणही पुस्तकातलीच, आणि चेहरा इतक्या वर्षांच्या सवयीने दगडी. अंकुशने आज्ञाधारकपणे पाठ आणखी ताठ केली.

तेव्हा बाईंना उमगलं की इथे आपण करण्यासारखं एकच उरलंय. त्या उठल्या, पर्स घेतली, आणि बाहेर जाऊन दार लावून घेतलं.

दाराला काच होती. बाई थोडा वेळ भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या, मग राहवलं नाही म्हणून वळल्या. आत अंकुशचा खांदा उजवीकडे वळला होता. मान खाली, ओठ कंटाळलेले, एक हात वर. बाईंना या वेळी कुणी सांगावं लागलं नाही. हा प्रणित. आत खरा प्रणित टेबलाकडे बघत होता, आणि कमलाकर जुना जबाब बाजूला सारून नव्या कागदावर लिहीत होते.

बाहेरच्या रखवालदाराने बाईंना खुर्ची आणून दिली. “तुमी त्याच्या कोन?” त्याने विचारलं.

बाईंच्या तोंडाशी ‘त्याची शाळेतली बाई’ असं आलं होतं.  त्यांनी खुर्ची काचेपासून लांब, अंकुशला दिसणार नाही अशी ओढली आणि त्या बसल्या.