फोटोची पाठ

मावशींनी पिशवीतून जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला फोटो काढला आणि काचेच्या टेबलावर पालथा ठेवला, जणू बघणंच नको. फोटो दुरुस्त करणाऱ्या बाईंनी तो हळूच सुलटा केला.

दोन बहिणी. डावीकडे थोरली, उजवीकडे धाकटी. दोघींच्या वेण्या एकीच्याच हातच्या असाव्यात, इतक्या सारख्या. आणि धाकटीच्या चेहऱ्यावर, कपाळापासून हनुवटीपर्यंत, निळसर फुली.

"ही मी," मावशी म्हणाल्या. "आणि ही फुली माझ्या थोरल्या बहिणीची कृपा."

"कृपा?"

"घरच्यांचं न ऐकता लग्न केलं मी. महिन्याभरात तिच्याकडून पाकीट आलं. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसता हा फोटो. माझ्या तोंडावर काट मारून! चाळीस वर्षं झाली, तिच्याशी शब्द नाही बोलले. आता भाची म्हणते, आईला तुझ्याकडे यायचंय. मी अजून हो म्हटलेलं नाही. तू एवढी फुली काढ गं पोरी. डोळ्यासमोरून गेली, तर मनातून जाते का बघते."

बाईंनी भिंग डोळ्याला लावलं आणि दिवा बाजूला तिरपा धरला. फोटोवरची चकाकी तळ्यावरच्या उन्हासारखी सलग सरकली, फुलीवरूनही.

"मावशी, वरून शाई मारली असती तर इथे चकाकी तुटली असती. ही शाई खालून आली आहे."

"म्हणजे आता तिने खालून मारली म्हण!"

"मागची बाजू बघायला हवी. सोडवू का पुठ्ठ्यावरून?"

मावशींनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "फाटेल?"

"खळ वाळून तीन कोपरे सुटलेच आहेत. फाटू देणार नाही."

पातळ सुरी कागदाखालून सरकत गेली. मावशी श्वास धरून बसल्या, बाईसुद्धा. शेवटचा कोपरा सुटला, पण बाईंनी पाठीवर काय आहे ते वाचलं नाही. ज्याची पाठ त्यानेच आधी बघावी, असा त्यांचा शिरस्ता. तशीच पाठ काचेकडे करून तो स्कॅनरवर ठेवला, मग पुढची बाजू, मागे काळा कागद लावून. पांढऱ्या झाकणाचा उजेड मागून आला की पाठीवरची अक्षरंही पुढे डोकावतात, काळ्या कागदाने तेवढी तरी गप्प बसतात. जी शाई कागदात मुरली ती मात्र तशी हटत नाही.

पडद्यावर त्यांनी स्कॅनचे लाल, हिरवा, निळा असे थर वेगळे केले. लाल थरात फुली काळीकुट्ट. निळ्या थरात मात्र विरघळत आलेली, पहाटेच्या चांदणीसारखी.

"अगंबाई, गेली की!"

"थोडी उरलीय. उरलेली नेमकी कुठे आहे ते पाठच सांगेल. मी मनाने रंगवणार नाही, नाहीतर नाक कुणाचं आणि डोळे कुणाचे व्हायचे."

पाठीचा स्कॅन त्यांनी आरशात दिसावा तसा उलटवला, पुढच्या चित्रावर ठेवला, चारी कोपरे जुळवले. कागद वाकला होता, तेवढा थोडा ताणला. मागची फुली धाकटीच्या चेहऱ्यावरच्या फुलीवर रेघेवर रेघ बसली. मग उलटवलेली प्रत पुन्हा सरळ करून पडदा मावशींकडे वळवला.

"आता वाचा."

पाठीवर थोरलीचं टपोरं अक्षर. डावीकडे 'मी', त्यावर जोर देऊन मारलेली फुली. त्याच्या खाली 'माझी धाकटी'. उजवीकडे पुन्हा 'मी'. आणि तळाशी: 'दोघी एकत्र राहाव्यात म्हणून पुठ्ठ्यावर लावते. चिठ्ठी लिहायला जमत नाही.'

मावशींनी पडद्यावरच्या फुलीवर बोट ठेवलं.

"फोटो पालथा केला की डावं उजवं होतं," बाई हळूच म्हणाल्या. "त्यांनी स्वतःला डावीकडे लिहिलं, ते नेमकं तुमच्या मागे आलं. चूक कळली, म्हणून स्वतःवरच काट मारली. मग ओली खळ लावून पुठ्ठ्यावर चिकटवलं, लिहिलेलं सगळं आत झाकलं गेलं, आणि तसंच पाकिटात घातलं. ओलाव्याने शाई वाटेत पुढे उतरली असणार. त्यांना कदाचित कधी कळलंही नसेल."

"स्वतःवर," मावशी म्हणाल्या. "स्वतःवर मारली गं तिने." आणि डोळे पुसता पुसता त्यांना हसू फुटलं. "अस्सा तिचा धांदरटपणा! शाळेत नकाशा काढायची तर पूर्व पश्चिमेला!"

बाईंनी शेवटचा डाग उजळला. फुलीखालची मुलगी मोकळी झाली. गालावर खळी होती, हेही मावशी विसरल्या होत्या.

"प्रती किती काढू?"

"दोन काढ. आणि पिशवीतला माझा फोन घे, माझा चष्मा धुकटलाय. भाचीचा नंबर लाव."

नंबर लागला. पलीकडे भाची नव्हती, थोरलीच होती. मावशींचा आवाज खणखणीत निघाला.

"अगं ताई, मी बोलतेय. होय, मीच. रड नंतर. आधी सांग, किती वाजताच्या गाडीने येतेस?"