सोमवारचा पेपर

चिमणीच्या मैत्रिणीने कॉलेजच्या फलकावरून दोन फोटो काढून पाठवले होते. एकात परीक्षेच्या अभ्यासक्रमाची यादी, दुसऱ्यात तारखा. दोन्ही वाकडे आले होते, आणि तारखांच्या मधल्या ओळीवर ट्यूबलाइटचा पांढरा झोत पडला होता.

"घाईघाईत काढलाय," दादा म्हणाला. तो सामान पोचवण्याच्या गाडीवर ड्रायव्हर होता. बहिणीला डायलिसिसला न्यायचं आणि आणायचं, म्हणून सोमवार, बुधवार, शुक्रवार तो दुपारनंतर कामावर जायचा. मालक कुरकुरायचा, पण चालवून घ्यायचा.

सेंटरमध्ये चिमणीचा डावा हात मशीनला जोडलेला, म्हणून लिहायचं काम दादाकडे आलं. मांडीवर पुठ्ठा, पुठ्ठ्यावर कागद. त्याने आडव्या ओळी वारांच्या पाडल्या आणि उभे रकाने सकाळ, दुपार, संध्याकाळचे.

"सुरुवात इथून नाही करायची," चिमणी म्हणाली. "आधी पेपर कधी ते लिही. मग तिथून मागे ये. प्रत्येक विषयाचे शेवटचे दोन दिवस फक्त उजळणी."

"मागे मागे येताना आजच्याही मागे गेलो तर?"

"मग नापास," ती म्हणाली आणि हसली.

सोम-बुध-शुक्र त्याने आधीच काट मारून टाकले. मशीनवरून उतरल्यावर तिला उभंही राहवत नसे. उरलेल्या दिवसांत, ताज्या सकाळी, अवघड विषय, संध्याकाळी पाठांतराचे. यादीत प्रत्येक घटकापुढे गुण छापले होते. जास्त गुणांच्या घटकाला दोन सकाळी, कमी गुणांच्याला एक संध्याकाळ. रविवारची संध्याकाळ रिकामी, राहिलेलं भरून काढायला. अकाउंट्स तिचा हातखंडा विषय, पण घटकही त्याचेच सर्वांत मोठे. त्याची तारीख झोताखाली गेली होती.

"आधीचे पेपर बघ, मंगळवारी आणि गुरुवारी, एक दिवसाआड आहेत," दादा म्हणाला. "म्हणजे हा शनिवारी."

"विचारून घे."

"तिने फोन उचलला तर विचारतो. तोवर शनिवार धरू."

शनिवार धरला, आणि सगळं बसलं. अकाउंट्स शेवटच्या आठवड्यांवर पसरलं. चिमणीने तो कागद पलंगाशेजारच्या भिंतीवर चिकटवला आणि खरोखर त्याप्रमाणे बसली. पाय सुजलेले असायचे, घोटभर पाण्यावर दिवस काढायचा, पण झालेल्या घटकावर टिक करताना तिचा चेहरा निवळायचा. आई दारातूनच बघून मागे फिरायची; पोरीला नजर लागू नये म्हणून काही बोलायची नाही.

तिसऱ्या आठवड्यात मैत्रिणीने नवा फोटो पाठवला. झोत नव्हता. ओळ स्वच्छ वाचता येत होती. अकाउंट्स सोमवारी होतं, अकरा ते दोन.

दादा सेंटरमधल्या सिस्टरला भेटला. सकाळची पाळी सात ते अकरा, दुपारची बारा ते चार. पेपर दोन्हींच्या आड येत होता.

"मंगळवारी घेता येईल?"

"शुक्रवारनंतर थेट मंगळवार?" सिस्टरने मान हलवली. "रविवारी आपण बंद. एवढ्या दिवसांत पाणी फुफ्फुसात चढलं तर परीक्षा राहील बाजूला. तुमच्या शुक्रवारच्या बदल्यात कुणी आपला शनिवार दिला, तर मंगळवारी घेते. शनिवारी मशीन रिकामं नाहीये."

शनिवारवाल्यांमध्ये एक शिंपीणकाकू होत्या. चिमणी स्वतः त्यांच्याकडे गेली, दादाच्या दंडाला धरून. काकूंनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"बाळ, माझा मुलगा शनिवारीच सुटी घेऊ शकतो," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या कुठल्या वारी मला आणणारं कुणी नाही. मी तुला हो म्हटलं आणि आयत्या वेळी आले नाही, तर तू काय करशील?"

बाकीच्यांनाही विचारून झालं. कुणी वाईट बोललं नाही. कुणाला जमलंही नाही. कॉलेजलाही विचारलं; उत्तर आलं, हा पेपर पुढच्या खेपेला द्या. म्हणजे सहा महिने. सहा महिन्यांचा बेत करणं त्या घरात सगळ्यांनीच सोडून दिलं होतं.

घरी आल्यावर दादा भिंतीसमोर उभा राहिला. "माझीच चूक. शनिवार धरायला नको होता."

"तारीख तू ठेवलीस का?" चिमणी म्हणाली. "आधी कळलं असतं तरी सोमवार सोमवारच होता. एवढे दिवस निदान अभ्यास तरी झाला."

"मग आता?"

"नवा कागद घे. अकाउंट्स काढून टाक."

त्याने रकाने पाडले. तीन विषय उरले. त्यांना जागाच जागा झाली. घटक संपले तरी सकाळचे रकाने उरत होते.

"इथे काय लिहू?"

चिमणीने डोळे मिटून घेतले होते. तिला झोप लागलीय असं वाटून तो पेन बंद करू लागला.

"अकाउंट्सच लिही," ती डोळे न उघडता म्हणाली. "पेपर नसला तरी. मला आवडतं ते."

दादाने लिहिलं. अक्षर नीट आलं नाही, म्हणून पुन्हा गिरवलं.