यादीत नसलेला मुद्दा

एकवीस जानेवारीला हॉलंडच्या खरेदीदाराचा फॉर्म परत आला आणि मी कपाळावर हात मारला. चौऱ्याऐंशी प्रश्नांतले त्र्याऐंशी पास, एकावर लाल शेरा. तो प्रश्न असा: तुमच्या धंद्यामुळे निसर्गावर आणि माणसांवर होणाऱ्या परिणामांपैकी सर्वांत महत्त्वाचे कोणते, ते कसे ठरवले आणि कुणाला विचारून?

चूक माझीच होती. एका मोठ्या कंपनीचा अहवाल समोर ठेवून मी हवामान बदल, जैवविविधता आणि संचालक मंडळातलं स्त्रियांचं प्रमाण असं ठोकून दिलं होतं. आमचं संचालक मंडळ म्हणजे मालक सोपानभाऊ आणि त्यांचा चहाचा कप. औंढ्यात चार एकर पॉलिहाऊस, एकतीस कामगार, त्यांत सत्तावीस बायका. गुलाब आम्ही परदेशी पाठवतो, आणि कागदपत्रं मी, नूर अत्तार, सहा वर्षं एकटी करते. लोणावळ्याहून रोज स्कूटीवर येते, नि रोज नवीन फॉर्म असतो. फुलं कमी नि फॉर्म जास्त, असला धंदा झालाय.

शेऱ्याखाली लिहिलं होतं: कामगारांना विचारा, मालक समोर नको. पाच दिवसांत पाठवा. हे पास झालं नाही तर फेब्रुवारीची ऑर्डर थांबणार होती, आणि आमचं अर्धं वर्ष त्या एका महिन्यावर चालतं.

पहिल्यांदा फॉर्म भरताना मी सोपानभाऊंना बसवूनच बैठक घेतली होती. "काय अडचण हाय का गं?" त्यांनी विचारलं. सत्तावीस माना एकदम हलल्या, न्हाई न्हाई. माझ्या डोक्यात तेव्हाही काही शिरलं नाही.

या वेळी त्यांना वडगावला बँकेत पिटाळलं. फुलं निवडायच्या ग्रेडिंग शेडमध्ये बारा बादल्या ओळीनं मांडल्या. प्रत्येकीवर एक विषय, अक्षर येत नाही त्यांच्यासाठी चित्र काढून. औषधफवारणी, पगार, उन्हाचा तडाखा, प्लॅस्टिक, विजेचा खर्च, बोअरचं पाणी वगैरे. यादी मी खरेदीदाराच्याच वेबसाइटवरून घेतली होती. प्रत्येकीला बाद झालेली पाच फुलं दिली. ज्या गोष्टीचा त्रास जास्त, तिच्या बादलीत जास्त फुलं टाकायची. काम एकदम सोपं, अर्ध्या तासात उरकलं असतं.

फवारणीत बरीच पडली, उन्हातही पडली. शेवटी आल्या अंबूमावशी. साठीच्या, ग्रेडिंग टेबलावर सगळ्यांत जुन्या. त्यांनी बाराच्या बारा बादल्या वाकून पाहिल्या, आणि पाचही फुलं खाली फरशीवर ठेवली.

"मावशी, बादलीत टाका ना."

"ह्यात आमचं न्हाई."

"म्हणजे?"

"ज्याचा तरास हाय, ते तू मांडलंच न्हाईस."

बाकीच्या बायका हसल्या. मग एकेकीनं बादल्यांतली आपापली फुलं उचलली आणि फरशीवरच्या ढिगावर टाकली. माझ्या बारा बादल्या जवळजवळ रिकाम्या! मला राग आला, खोटं कशाला बोलू. पाच दिवसांतले दोन गेले होते.

"मग सांगा तरी काय ते!"

त्यांच्यातल्या शालूबाईनं तोंड फिरवलं. अंबूमावशींनी सांगितलं. संडास पॉलिहाऊसच्या मागं, औषधाच्या गोदामापलीकडं. दाराला कडी नाही, पाणी नाही, आणि वाटेत गाडी भरायला आलेली पोरं बिड्या फुंकत बसलेली. म्हणून बायका तिकडं जातच नाहीत. जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत. सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत, पॉलिहाऊसच्या उकाड्यात.

"दर सालच्याला उन्हाळी लागती. लघवीला आग आग. ही शालू दोनदा सलाईनवर हुती. तू रजेच्या वहीत ताप म्हणून लिवलंस."

मी लिहिलं होतं खरं. आणि त्याहून वाईट, पिण्याच्या पाण्याच्या रकान्यात मीच लिहिलं होतं: 'पुरेसे. रोज शिल्लक राहते.' अर्ध्या भरलेल्या जारचा फोटो पुरावा म्हणून जोडला होता. त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळालेत आम्हाला. ऑफिसच्या संडासाची किल्ली सहा वर्षं माझ्या पर्समध्ये आहे. लाज वाटली, मरणाची लाज.

दुसऱ्या दिवशी मी उत्तराचा तक्ता नव्यानं केला. प्रत्येक मुद्द्याला दोन बाजूंनी गुण द्यायचे. आपल्यामुळं माणसाला किंवा निसर्गाला होणारी इजा किती गंभीर, किती जणांना, भरून निघते का, किती वेळा होते, ही एक बाजू. त्यामुळं धंद्याला किती फटका, ही दुसरी. मागच्या फेब्रुवारीची वही काढून बायकांना एकेक करून विचारलं. ताप, पोटदुखी म्हणून लिहिलेल्या रजांतले अडतीस दिवस याच दुखण्याचे निघाले, ऐन घाईच्या महिन्यात. फवारणी दुसरी आली, कारण औषध मारल्यावर किती तास आत जायचं नाही हा नियम आम्ही घाईत मोडतो. पहिला मुद्दा संडास. उपाय, जबाबदार माणूस आणि तारीख लिहून मालकाची सही घ्यायची होती.

सोपानभाऊंनी वाचलं आणि कागद टेबलावर आपटला.

"हॉलंडला संडास लिहून पाठवायचा? अगं, अब्रू हाय का न्हाई आपली?"

"आहे ते लिहिलंय, भाऊ."

"मी बांधतो की! फॉर्ममधनं काढ. फेब्रुवारी गेला की बांधतो."

"दोन वर्षांपूर्वी पत्र्याची शेडसुद्धा फेब्रुवारी गेला की बांधणार होतात. लिहिलं की तारीख पडते, आणि मग ते विचारत राहतात."

"आन ऑर्डर गेली तर? सत्तावीस चुली बंद. इचार त्यांना, चालंल का."

हे मात्र खरं होतं. चुली त्यांच्या होत्या, माझी नव्हे. मी थकले होते, मला वाटलं काढून टाकावं नि घरी जावं. कोण विचारतंय? तरी मी अंबूमावशींना बोलावलं आणि दोन्ही बाजू सांगितल्या. लिहिलं तर ऑर्डर जाऊ शकते, असं स्पष्ट सांगितलं.

त्या उभ्याच राहिल्या. पदर सारखा करून म्हणाल्या, "आमी काल सगळ्या बोललो. लिव."

"मावशी, दम धरा की जरा," सोपानभाऊ म्हणाले. "मला कुटं ठावं हुतं? एकीनं तरी सांगायचं. आई हुती तवर तीबी तुमच्यातच फुलं निवडत बसायची. ती कधी बोलली का मला?"

सोपानभाऊंची आई जाऊन दोन वर्षं झाली होती. पॉलिहाऊस तिच्याच जमिनीवर उभं आहे.

अंबूमावशी टेबलाजवळ आल्या. मग हळूच म्हणाल्या, "ती कशी बोलंल, सोपान? लेकाला असलं कुणी सांगतं का? आमाला तिनंच शिकीवलं. सकाळी घरनं निगताना पाणी प्यायचं न्हाई, दुपारी भाकरीसंगं दोन घोट. तिचंबी लय दुखायचं. टेबलाला पोट दाबून बसायची."

सोपानभाऊ खिडकीकडं तोंड करून बसले. बाहेर कुणीतरी गाडी मागं घेत होतं. मी कागद सरळ केला.

शेवटी त्यांनी पेन मागितला. डोळे पुसले नाहीत, तसेच वाचत राहिले.

"तारीख किती टाकलीस?"

"पंधरा मार्च."

"खोड ती," ते म्हणाले. "पंधरा फेब्रुवारी टाक."