कोणताही भागीदार

माझी भाची आठ वर्षं एका पाळीव प्राण्यांच्या दवाखान्यात पगारावर राबतेय. मालक दोन, थोरले डॉक्टर आणि धाकटे डॉक्टर. नात्याने मेहुणे, थोरल्यांची बहीण धाकट्यांना दिलेली. त्यामुळे भांडण दवाखान्यात आणि अबोला घरी, अशी सोयीची विभागणी. ऑपरेशनं भाची करते. थोरले निर्णय घेतात आणि धाकटे त्याला विरोध करतात.

तिने दुसरीकडे जायची भाषा केली आणि दोघांना अचानक तिच्यात भागीदार दिसू लागला. एकतीस पानांचा करारनामा तिच्या हातात ठेवून थोरले म्हणाले, "वाचत काय बसतेस, आपण घरचीच माणसं."

मी वकील आहे. 'घरचीच माणसं' म्हटलं की मी चष्मा पुसायला घेते.

त्या एकतीस पानांचं मी एक पान केलं. मतदान: भांडवल कितीही असो, एका भागीदाराला एक मत. रोजचे निर्णय बहुमताने. कर्ज, नवा भागीदार आणि करारातले बदल एकमताने. बाहेर पडणं: सहा महिन्यांची नोटीस, आपलं भांडवल दोन वर्षांत हप्त्यांनी परत, गुडविलचा, म्हणजे दवाखान्याच्या नावलौकिकाच्या किमतीतला, एक पैसा नाही, आठ किलोमीटरच्या आत तीन वर्षं दवाखाना काढायचा नाही. शिवाय दोन भागीदारांनी लेखी मत दिलं तर कोणत्याही भागीदाराला काढता येतं, अटी त्याच, नोटीस फक्त एक महिना. नफा: आधी थोरल्या-धाकट्यांचं ठरलेलं मानधन, मग उरलेल्यात भाचीला बारा टक्के. तिचा पगार बंद. म्हणजे भागीदार झाल्यावर बाई आजच्यापेक्षा कमी घरी नेणार होती!

मला संताप आला. भाचीने मात्र ते पान दोनदा वाचलं आणि हसली. "मावशी, तू फक्त शेजारी बस."

दवाखान्याच्या मागच्या खोलीत, औषधांच्या खोक्यांमध्ये, बैठक भरली. बाहेर एक कुत्रा जीव खाऊन भुंकत होता. भाचीने पान वाचायला घेतलं. गुडविलपाशी तिने विचारलं, "सर, हे थोडं सैल नाही करता येणार?"

"छे छे!" धाकटे म्हणाले. "शिस्त पाहिजे."

"ते अंतरही राहू दे," थोरले म्हणाले. आठ वर्षं भाचीकडून यांची भांडणंच ऐकली होती; एकमत झालेलं मी पहिल्यांदाच पाहत होते.

मग तिने काढून टाकण्याचं कलम वाचलं. थोरले समजुतीने हसले. "ते आपलं नवीन येणाऱ्यासाठी असतं गं. मनाला लावून घेऊ नकोस."

"पण सर, यात नवीन असं कुठे लिहिलंय? कोणताही भागीदार लिहिलंय. आजवर तुम्ही दोघंच होतात, दोन मतं जमणार कुठून? मी आले की तीन होतील."

थोरल्यांनी धाकट्यांकडे पाहिलं. धाकट्यांनी भाचीकडे पाहिलं, आणि ते थोरल्यांनी पाहिलं.

"वकीलबाई," धाकटे घसा खाकरत म्हणाले, "आठ किलोमीटर जरा जास्तच होतात नाही?"

"गुडविल न देणं तर माणुसकीलाच धरून नाही," थोरले कळवळून म्हणाले.

पुढच्या अर्ध्या तासात गुडविल आलं, आठ किलोमीटरचे दोन झाले, हप्ते जाऊन भांडवल एकरकमी परत मिळायचं ठरलं आणि एका महिन्याची नोटीस वर्षाची झाली. भाचीने तोंडही उघडलं नव्हतं. माणसं इतकी उदार होताना मी तरी पाहिली नाहीत.

मानधनाच्या कलमाला मात्र कोणी हात लावला नाही. त्याची झळ त्यांच्यापैकी कोणालाच लागणार नव्हती.

भाचीने पान माझ्याकडे सरकवलं. "मावशी, सगळीकडे कोणताही भागीदार आहे, फक्त मानधनात दोघांची नावं. तिथेही कोणताही भागीदार लिही. सर, हे झालं की मी सही करते. नाहीतर पुढच्या महिन्यापासून मी नाही."

"बघू, विचार करू," दोघं म्हणाले.

"करा. माझी मांजर टेबलावर यायची वेळ झालीय." ती हातमोजे घेऊन निघून गेली. खोलीत माझ्यासमोर दोन मेहुणे उरले, आणि दोघांनाही उठायची घाई झाली.

मी घरी पोचायच्या आत फोन आला. थोरले. "घाला ते दोन शब्द. पण आधी मी कबूल झालो, एवढं तिच्या कानावर घाला." चहा टाकला तोवर धाकटे. तेच वाक्य. वर, "थोरल्यांना सांगू नका."

मी भाचीला फोन लावून दोन्ही निरोप दिले आणि विचारलं, त्यांना पहिला कोण म्हणून सांगू?

"दोघांनाही सांग, तुम्हीच," ती म्हणाली. "आठ वर्षं ते दोघंही मला हेच सांगत आलेत, की मीच तुझ्या बाजूचा."